आठ हालचाली, चार अटी

१७७०-७१ च्या सुमारास जोसेफ-लुई लाग्रांजने बर्लिनच्या अकादमीपुढे एक लांबलचक निबंध मांडला. विषय जुनाच होता: समीकरणे सोडवायची कशी? वर्गसमीकरणाचे सूत्र लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. घन आणि चतुर्घात समीकरणांची सूत्रे सोळाव्या शतकातल्या इटालियन गणितज्ञांनी शोधली होती. त्यांपैकी चतुर्घाताची रीत लोदोव्हिको फेरारीची. ती १५४५ मध्ये कार्दानोच्या ‘आर्स माग्ना’त छापून आली. त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ भल्याभल्यांनी पंचघात समीकरणावर डोके आपटले आणि प्रत्येकाने हात टेकले. लाग्रांजने नवी युक्ती शोधण्याचा नाद सोडला आणि उलटा प्रश्न विचारला: जुन्या युक्त्या मुळात चालतात तरी का?

समजा, चतुर्घात समीकरणाची चार मुळे अ, ब, क, ड आहेत. ती आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांची बेरीज आणि त्यांचा गुणाकार समीकरणाच्या सहगुणकांतून लगेच कळतात, कारण मुळांची नावे कशीही बदलली तरी त्यात फरक पडत नाही. आता ‘अक + बड’ ही राशी घ्या. चार नावांची अदलाबदल एकूण २४ प्रकारे करता येते, तेव्हा या राशीच्या २४ वेगवेगळ्या किमती येतील असे वाटते. प्रत्यक्षात तीनच येतात: अक + बड, अब + कड आणि अड + बक. चार जणांच्या दोन जोड्या तीनच तऱ्हांनी लागतात, म्हणून. तीनच किमती असल्यामुळे त्या एका घन समीकरणाची मुळे ठरतात, घन समीकरण सोडवता येते, आणि त्या वाटेने चतुर्घातही सुटते. फेरारीच्या युक्तीच्या पोटात हेच दडले होते. पंचघातासाठी हीच वाट धरली तर मदतीला येणारे समीकरण मूळ समीकरणापेक्षाही वरच्या घाताचे निघते, आणि रोगापेक्षा औषध जालीम होते.

२४ अदलाबदली आणि ३ किमती, म्हणजे प्रत्येक किंमत ८ वेळा येते. पैकी ‘अक + बड’ला जशीच्या तशी ठेवणाऱ्या अदलाबदली आठ. किमतींची संख्या अदलाबदलींच्या एकूण संख्येला नेहमी निःशेष भागते, हे लाग्रांजच्या ध्यानात आले. आज त्याच्या नावावर असलेल्या प्रमेयाचे बीज ते हेच. पण त्याने या आठ जणी फक्त मोजल्या. एकीपाठोपाठ दुसरी केली तर काय होते, हा प्रश्न त्याने धरून ठेवला नाही.

या आठ कोण, हे पाहायला बर्लिनला जावे लागत नाही. पुठ्ठ्याचा एक चौरस कापा. त्याच्या कोपऱ्यांवर घड्याळाच्या दिशेने अ, ब, क, ड लिहा आणि मागच्या बाजूनेही त्याच कोपऱ्यावर तेच अक्षर लिहा. चौरस टेबलावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिलीने चौकट आखा. चौकटीच्या कोपऱ्यांना टेबलाची नावे द्या: वरचा डावा वायव्य, वरचा उजवा ईशान्य, खालचा उजवा आग्नेय, खालचा डावा नैऋत्य. सुरुवातीला अ वायव्येला, ब ईशान्येला, क आग्नेयेला आणि ड नैऋत्येला आहे. आता पुठ्ठा उचला, हवा तसा फिरवा किंवा उलटा आणि पुन्हा चौकटीत नेमका बसवा. किती प्रकारे बसेल?

अ चार कोपऱ्यांपैकी कुठेही जाऊ शकतो. अ ठरला की शेजारच्या ब ला त्याच्या लगतच्या दोनच जागा उरतात, आणि ब ठरला की क आणि ड यांना निवडीला वावच राहत नाही. चार गुणिले दोन, आठ. या आठ हालचालींना नावे देऊ. चौरस जागचा न हलवणे ही ‘स्थिर’. घड्याळाच्या दिशेने काटकोनातून वळवणे हा ‘पाव’ फेरा, मग ‘अर्धा’ आणि ‘पाऊण’. उरलेल्या चार पलट्या. उभ्या मध्यरेषेभोवती उलटवणे ही ‘उभी’. तिने डावे उजवीकडे जाते. आडव्या मध्यरेषेभोवती ‘आडवी’. वायव्य-आग्नेय कर्णाभोवती उलटवले तर ‘वायव्य पलटी’ आणि ईशान्य-नैऋत्य कर्णाभोवती उलटवले तर ‘ईशान्य पलटी’.

आता ‘अक + बड’कडे पुन्हा पाहा. अ आणि क समोरासमोरचे कोपरे आहेत, ब आणि ड हेही समोरासमोरचे. पुठ्ठा न वाकवता केलेल्या कोणत्याही हालचालीत समोरासमोरचे कोपरे समोरासमोरच राहतात, म्हणून आठही हालचाली ही राशी जशीच्या तशी ठेवतात. याउलट नुसती अ आणि ब यांचीच अदलाबदल केली की राशी ‘बक + अड’ होते, आणि पुठ्ठ्याला असे करायला लावायचे तर तो फाडावा लागेल. राशी जपणाऱ्या अदलाबदली आठच आहेत आणि चौरसाच्या हालचालीही आठच, तेव्हा दोन्ही याद्या एकच. लाग्रांजच्या बीजगणितात चौरस पहिल्यापासून बसलेला होता, फक्त त्याला तिथे कोणी पाहिले नव्हते.

पाच मुळांच्या बाबतीत असा सोयीचा गट का मिळत नाही, हे १७९९ मध्ये इटालियन वैद्य आणि गणितज्ञ पाओलो रुफिनीने दाखवले. पाच नावांच्या १२० अदलाबदलींमध्ये कोणत्याही राशीच्या नेमक्या तीन किंवा नेमक्या चार किमती येऊच शकत नाहीत. तीन किमती यायच्या तर राशी जपणाऱ्या ४० अदलाबदली लागतील, आणि आपसात जुळून राहणाऱ्या अशा चाळीस जणी अस्तित्वातच नाहीत. म्हणजे १२० ला ३ ने भाग जातो, एवढ्याने काम होत नाही. रुफिनीने आपले पुस्तक लाग्रांजला पाठवले, पण त्याचे उत्तर आले नाही.

हे ‘आपसात जुळून राहणे’ म्हणजे काय, ते स्पष्ट शब्दांत मांडले एव्हारिस्त गाल्वाने. जानेवारी १८३१ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, त्याने पॅरिसच्या अकादमीला समीकरणांवरचा आपला निबंध दिला. त्या वर्षी उन्हाळ्यात अकादमीच्या वतीने तो तपासणाऱ्या पॉइसाँने तो समजण्याजोगा नाही म्हणून परत केला. ३० मे १८३२ च्या सकाळी गाल्वा द्वंद्वात जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. द्वंद्वाच्या आदल्या रात्री मित्राला लिहिलेल्या पत्राबद्दल इतके लिहून झाले आहे की आणखी भर नको. निबंधात गाल्वाने गटाची अट एकाच वाक्यात सांगितली आहे: गटात दोन अदलाबदली असतील तर एकीपाठोपाठ दुसरी केल्याने होणारी अदलाबदलही गटातच असते. बस्स.

आजच्या पाठ्यपुस्तकात चार अटी असतात: संवृतता, साहचर्य, अविकारक आणि व्यस्त. गाल्वाने पहिली दिली, उरलेल्या तीन दिल्या नाहीत. यात त्याचा निष्काळजीपणा नव्हता. त्याला त्यांची गरजच नव्हती, आणि का नव्हती ते चौरसावर तपासता येते.

आधी संवृतता. चौरस एका हालचालीने चौकटीत बसला, दुसऱ्या हालचालीने पुन्हा बसला. दोन्ही मिळून तो चौकटीतून निघून चौकटीतच आला, आणि चौकटीत बसण्याचे प्रकार आठच आहेत. म्हणजे जोडहालचाल या आठांपैकीच एक. तर्क पुरेसा आहे, तरी हाताने एकदा करून पाहावे. आधी ‘पाव’ करा. अ ईशान्येला जातो, ब आग्नेयेला, क नैऋत्येला, ड वायव्येला. मग ‘उभी’: वायव्य-ईशान्य आपसात बदलतात, नैऋत्य-आग्नेय आपसात बदलतात. अ वायव्येला परतला, ड ईशान्येला गेला, क आग्नेयेला परतला, ब नैऋत्येला. म्हणजे अ आणि क मूळ जागी, ब आणि ड यांची अदलाबदल. ही तर ‘वायव्य पलटी’.

आता क्रम उलटा करा. आधी ‘उभी’: अ ईशान्येला, ब वायव्येला, क नैऋत्येला, ड आग्नेयेला. मग ‘पाव’: अ आग्नेयेला, ब ईशान्येला, क वायव्येला, ड नैऋत्येला. या वेळी ब आणि ड जागच्या जागी आहेत आणि अ-क बदलले, म्हणजे ‘ईशान्य पलटी’. पाव मग उभी आणि उभी मग पाव ही वेगळी प्रकरणे आहेत. शाळेत बेरीज-गुणाकारांची सवय लागलेल्याला क्रमनिरपेक्षता सोडून देणे जड जाते, पण गटाच्या अटींत ती कधी नव्हतीच.

इथे हात चुकतो तो एका ठरावीक जागी. उभी मध्यरेषा टेबलावर आखलेली असली पाहिजे, पुठ्ठ्यावर नव्हे. रेषा पुठ्ठ्यावर काढली तर ‘पाव’ केल्यावर ती पुठ्ठ्याबरोबर वळून आडवी होते, आणि तिच्याभोवती उलटवले की वायव्येऐवजी ईशान्य पलटी हाती येते. उत्तर नेमके उलट्या क्रमाचे निघू लागले की रेषा पुठ्ठ्याबरोबर फिरते आहे असे समजावे.

संवृततेची अट किती कडक आहे, तेही पाहण्यासारखे आहे. फक्त चार पलट्या घेतल्या तर गट होत नाही, कारण उभी आणि आडवी मिळून ‘अर्धा’ फेरा होतो आणि तो पलटी नाही. चौरसाची मागची बाजू एकदा वर आली आणि पुन्हा खाली गेली, तर दोन पलट्यांचा परिणाम फिरवणेच असणार. स्थिर, पाव आणि अर्धा एवढेच घेतले तरी जमत नाही, कारण पाव आणि अर्धा मिळून पाऊण होतो. आणि ‘पाव’ व ‘उभी’ या दोघींना आत घेतले की गाल्वाची अट उरलेल्या सहा जणींना एकामागून एक आत ओढते. मधे कुठे थांबताच येत नाही.

आता गाल्वाला अविकारक आणि व्यस्त या अटी का लागल्या नाहीत ते पाहू. गटातली कोणतीही एक हालचाल घ्या आणि तीच पुन्हा पुन्हा करत राहा. संवृततेमुळे प्रत्येक निकाल गटातच पडतो, आणि गट मर्यादित असल्यामुळे कधीतरी निकालाची पुनरावृत्ती होणारच. समजा, तिसऱ्या आणि सातव्या खेपेला एकच स्थिती आली, तर मधल्या चार खेपांनी काहीच बदलले नाही. म्हणजे चार खेपा मिळून ‘स्थिर’ झाल्या. अविकारक आपोआप गटात आला. शिवाय चार खेपांनी स्थिर होत असेल तर तीन खेपा या चौथीचा व्यस्त आहेत, आणि त्या तिन्हींचा निकालही संवृततेने गटातच आहे. चौरसावर हे लगेच दिसते: पाव चारदा केला की स्थिर, म्हणून पावचा व्यस्त पाऊण. पलटी दोनदा केली की स्थिर, म्हणून प्रत्येक पलटी स्वतःचीच व्यस्त. घटक मर्यादित असले आणि ते खरोखरीच्या हालचाली असल्या की एका अटीत तीन अटी सांगून होतात.

राहिले साहचर्य. तीन हालचाली लागोपाठ करताना पहिल्या दोन एकत्र मानल्या काय किंवा शेवटच्या दोन मानल्या काय, पुठ्ठ्याला काही कळत नाही. तो तीच तीन वळणे त्याच क्रमाने घेतो. आठ हालचालींची त्रिकुटे ५१२ होतात, पण एकही तपासावे लागत नाही. विद्यार्थ्यांना ही ५१२ त्रिकुटे तक्त्यावरून तपासायला लावणारे शिक्षक मला पटत नाहीत.

गाल्वाने आपला गट वापरला तो समीकरणांच्या मुळांवर. मुळांमधली, परिमेय सहगुणकांची, जी जी नाती खरी असतील ती सगळी जपणाऱ्या अदलाबदली म्हणजे त्या समीकरणाचा गट. x⁴ = २ हे उदाहरण घ्या. दोनाचे चौथे मूळ सुमारे १.१८९. संमिश्र संख्यांच्या प्रतलावर या समीकरणाची चार मुळे उगमापासून तेवढ्या अंतरावर उजवीकडे, वर, डावीकडे आणि खाली बसतात आणि त्यांचा चौरस होतो. समोरासमोरच्या मुळांची बेरीज शून्य आहे, हे नाते जपलेच पाहिजे. २४ पैकी ते जपणाऱ्या आठच, आणि पुढची तपासणी केली की या आठही टिकतात. म्हणजे या समीकरणाचा गट हाच आपल्या पुठ्ठ्याचा गट.

चौरस दिसला की गट मिळाला, असे मात्र समजू नये. x⁴ = १ या समीकरणाची मुळेही चौरसावरच बसतात: १, i, −१ आणि −i. पण इथे एक मूळ साक्षात १ आहे आणि दुसरे −१, दोन्ही परिमेय. ‘हे मूळ १ आहे’ हेही जपायचे नातेच झाले, म्हणून ही दोन मुळे जागची हलू शकत नाहीत. उरलेल्या दोघांची आपसात अदलाबदल होऊ शकते, बाकी काही नाही. गटात दोनच घटक राहिले, स्थिर आणि एका कर्णाभोवतीची पलटी. चित्र तेच असूनही गटाचे सहा घटक गेले. गाल्वाच्या कल्पनेचा खरा कस इथे लागतो, आकृतीत नव्हे.

गाल्वाचे लेखन १८४६ मध्ये जोसेफ ल्यूव्हीलने आपल्या नियतकालिकात छापले. त्यानंतर आठ वर्षांनी, १८५४ मध्ये, लंडनमधल्या लिंकन्स इनमध्ये वकिली करणाऱ्या आर्थर केलीने ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये गटांवर एक लेख लिहिला. केंब्रिजच्या परीक्षेत पहिला आलेला केली पोटापाण्यासाठी मालमत्तेची कागदपत्रे तयार करत असे आणि उरलेल्या वेळात गणित करत असे. वकिलीच्या चौदा वर्षांत त्याने अडीचशेच्या आसपास लेख लिहिले, तेव्हा ‘उरलेला वेळ’ हा शब्दप्रयोग जरा सांभाळूनच घ्यावा. अदलाबदलींच्या गटाची कल्पना गाल्वाची, हे त्याने तळटीपेत नोंदवले. मग त्याने त्या अदलाबदलीच काढून टाकल्या. गट म्हणजे वेगवेगळ्या चिन्हांचा संच. त्यांतल्या कोणत्याही दोहोंचा गुणाकार संचातच पडला पाहिजे. ती चिन्हे म्हणजे मुळांची अदलाबदल, चौरसाच्या हालचाली, हॅमिल्टनचे चतुष्टक की आणखी काही, हे त्याने खुले ठेवले.

केलीने गट तक्त्यात मांडला. वरच्या ओळीत सगळी चिन्हे, डाव्या रकान्यातही तीच, आणि चौकटीत गुणाकार. त्याच्या लक्षात आले की कोणत्याही एका चिन्हाने साऱ्या गटाला गुणले तर तोच गट नुसत्या बदललेल्या क्रमाने परत येतो, म्हणून प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात प्रत्येक चिन्ह नेमके एकदा येते. चौरसाचा ८ × ८ तक्ता भरला की हे दिसते, आणि आणखी एक गोष्ट दिसते: फिरवण्या आणि पलट्या वेगळ्या लिहिल्या तर तक्त्याचे चार चतुर्थांश पडतात, फिरवणे आणि फिरवणे मिळून फिरवणे, फिरवणे आणि पलटी मिळून पलटी, पलटी आणि पलटी मिळून पुन्हा फिरवणे.

पण अदलाबदली काढून टाकल्या की गाल्वाला फुकट मिळालेली एक गोष्ट हातून सुटते. चिन्हांना हालचाल माहीत नसते, म्हणून साहचर्य आता अट म्हणून घालावे लागते, आणि केलीने ते वेगळे सांगितले: चिन्हे क्रमनिरपेक्ष असतीलच असे नाही, पण ती साहचर्य पाळतात. ही अट नुसत्या तक्त्याकडे पाहून तपासता येत नाही. पुढचा पाच चिन्हांचा तक्ता पाहा. पहिला घटक डाव्या रकान्यातला, दुसरा वरच्या ओळीतला.

```
१ त थ द ध
त १ द ध थ
थ ध १ त द
द थ ध १ त
ध द त थ १
```

प्रत्येक ओळीत आणि रकान्यात पाचही चिन्हे एकेकदा आहेत. १ हा अविकारक आहे. प्रत्येक चिन्हाचा स्वतःशी गुणाकार १ येतो, म्हणजे प्रत्येकाला व्यस्त आहे. संवृतता तर उघडच आहे. चारपैकी तीन अटी निर्दोष, तरीही हा गट नाही. त ला त ने गुणून निकाल थ ने गुणला तर १ आणि थ, म्हणजे थ मिळतो. पण आधी त आणि थ चा गुणाकार केला तर द येतो, आणि त ने द ला गुणले की ध. थ आणि ध एक नव्हेत. हे एक त्रिकूट सापडले की तक्ता बाद. खरे तर न शोधताही शंका यायला हवी होती: स्थिर आणि स्वतःचा व्यस्त असलेला एक घटक मिळून दोघांचा उपगट होतो, लाग्रांजच्या नियमाने २ ने ५ ला भाग जायला हवा, आणि तो जात नाही.

त्याच लेखात केलीने दाखवले की चार घटकांचे गट दोनच प्रकारचे असतात. एकात एक घटक चार खेपांनी स्थिर होतो आणि त्याचे घात म्हणजेच सारा गट. दुसऱ्यात स्थिर सोडून बाकी तिघेही दोनच खेपांत स्थिर होतात. दोघेही आपल्या पुठ्ठ्यात आहेत: स्थिर, पाव, अर्धा, पाऊण हा पहिला; स्थिर, अर्धा, उभी, आडवी हा दुसरा. दुसऱ्याला पाहिजे तितके फिरवून बघा, पावसारखा चार खेपा घेणारा घटक त्यात मिळत नाही, म्हणून नावे बदलून एकाचा दुसरा करता येत नाही.

केलीच्या लेखाकडे पुढची वीसेक वर्षे फारसे कोणी वळले नाही. व्यस्ताची अट तर अजूनही कुणाला लागत नव्हती, कारण गट मर्यादितच होते. घटक अनंत झाल्यावर ‘निकालाची पुनरावृत्ती होणारच’ हा आधार नाहीसा होतो. धन पूर्णांक आणि बेरीज घ्या: संवृतता आहे, साहचर्य आहे, पण १ कितीही वेळा मिळवला तरी शून्य येत नाही, मागे येणे शक्य नाही. भूमितीतल्या अनंत हालचालींवर काम सुरू झाले तेव्हा हे टाळता येईना. १८८२ मध्ये क्लाइनचा विद्यार्थी वाल्थर फॉन डिक याने व्यस्त गटातच असला पाहिजे असे स्पष्ट लिहिले. त्याच वर्षी हाइनरिख वेबरने मर्यादित गटांची व्याख्या साहचर्य आणि दोन्ही बाजूंनी सारखा घटक काढून टाकण्याची मुभा यांवर बांधली, आणि १८९३ मध्ये अनंत गटांसाठी व्यस्ताचे अस्तित्व वेगळे गृहीत धरावे लागते हे नोंदवले. लाग्रांजच्या आठ अदलाबदलींपासून इथवर सव्वाशे वर्षे गेली. पाठ्यपुस्तके चारही अटी पहिल्या पानावर एकदम ठेवतात आणि मग विद्यार्थ्याला त्या मनमानी वाटतात. माझ्या मते त्या ज्या क्रमाने लागल्या त्याच क्रमाने शिकवाव्यात.

केली १८७८ मध्ये गटांकडे परत आला. मित्र सिल्व्हेस्टरने अमेरिकेत सुरू केलेल्या नव्या नियतकालिकात त्याने लिहिले आणि सहा घटकांचे गट तीन असे सांगितले. १८५४ मध्ये याच केलीने ते दोन असल्याचे बरोबर लिहिले होते. चूक अशी झाली: दोन खेपांनी स्थिर होणारा एक घटक आणि तीन खेपांनी स्थिर होणारा, त्याच्याशी क्रमनिरपेक्ष असा दुसरा घटक मिळून जो गट होतो, तो त्याने वेगळा मोजला. पण त्या दोघांचा गुणाकार सहा खेपांनी स्थिर होतो, त्याच्या घातांत सहाही घटक येतात आणि तो गट त्याच्या यादीतला पहिला, एकाच घटकाच्या घातांचा गटच निघतो. नाव वेगळे म्हणून गट वेगळा, असे नसते. कोणता घटक किती खेपांनी स्थिर होतो हे मोजले की असले जुळे उघडे पडतात.

हीच मोजणी आठ घटकांच्या गटांवर करून पाहा. त्यांची यादी केलीने १८५४ च्या लेखाच्या १८५९ मधल्या तिसऱ्या भागात दिली. क्रमनिरपेक्ष नसलेले गट त्यात दोन आहेत. एक आपला चौरस: दोन खेपांत स्थिर होणारे पाच घटक, म्हणजे अर्धा आणि चार पलट्या, आणि चार खेपा घेणारे दोन, पाव आणि पाऊण. दुसरा हॅमिल्टनच्या चतुष्टकांमधला: दोन खेपांचा एकच घटक आणि चार खेपांचे सहा. उरलेले तीन क्रमनिरपेक्ष. त्या यादीतले गट एकूण पाच, आणि त्यात आजवर एकही वाढला नाही की कमी झाला नाही.